बदकाची चोच फिकी का पडली?

फोटोत एक पांढरं बदक असतं आणि सोबत दोन प्रश्न असतात. हे कुठल्या जातीचं, आणि याची चोच अशी फिकी का पडली? शेततळ्याच्या कडेला किंवा परसात पाच-दहा बदकं पाळणाऱ्यांकडून असे फोटो वरचेवर येतात. बदकांची माहिती असलेला पशुवैद्यक प्रत्येक तालुक्यात सापडतोच असं नाही, त्यामुळे फोटो पाठवून विचारण्यात काही गैर नाही. फोटोवरून बरंच कळतं, फक्त पाहण्याचा क्रम नीट हवा. जात आकारावरून ठरवायची, रंगाकडे नंतर वळायचं. तब्येतीसाठी रंग पाहायचा, पण तो त्याच कळपातल्या दुसऱ्या पक्ष्यांशी ताडून. हा क्रम उलटला की पेकिन बदकाला राजहंस ठरवलं जातं आणि अंड्यावरच्या ठणठणीत मादीला आजारी.

पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत घोटाळा सर्वांत जास्त होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. पांढरं पाळीव बदक दिसलं की आधी चेहरा पाहा. डोळ्याभोवती आणि चोचीच्या मुळाशी लाल, खडबडीत, मांसल पुटकुळ्या असतील तर ते मस्कोव्ही. हे मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं, आणि आपल्या नेहमीच्या बदकांपेक्षा वेगळ्या प्रजातीचं. पायांच्या बोटांना चांगली अणकुचीदार नखं असतात, शेपूट रुंद आणि पसरट असते. चेहरा पिसांनी पूर्ण झाकलेला, चोच रुंद आणि पिवळी-नारिंगी, पाय नारिंगी, अंग भरदार असेल तर बहुधा पेकिन. ही चीनमधली जात 1873 साली अमेरिकेत पोचली आणि तिथून मांसासाठी जगभर पसरली. तीच पांढरी पिसं, पण चोच गुलाबी-पांढरी आणि पोट जमिनीला टेकेल इतकं खाली आलेलं असेल, तर ती इंग्लंडची एल्सबरी. शुद्ध एल्सबरी इथे सहसा दिसत नाही. म्हणून चोच गुलाबट दिसली की लगेच तिचं नाव घेऊ नये.

राजहंसाची, म्हणजे पाळीव गूजची, चोच बदकापेक्षा आखूड, मुळाशी उंच आणि टोकाकडे निमुळती असते. बदकाची चोच चपटी आणि पसरट. मान लांब आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नये, कारण घाबरलेलं बदकही मान ताणून उभं राहतं. राजहंसांतही दोन घराणी आहेत. चोचीच्या मुळाशी, कपाळावर गाठ असेल तर तो चिनी किंवा आफ्रिकन जातीचा. यांचा पूर्वज पूर्व आशियातला रानहंस. गाठ नसेल आणि मानेवरच्या पिसांत उभ्या चुण्या पडलेल्या दिसत असतील तर तो युरोपीय घराण्यातला. पांढरा आणि निळ्या डोळ्यांचा असेल तर एम्बडेन, राखाडी असेल आणि गळ्याखाली कातडीची झोळी लोंबत असेल तर तुलूझ. तपकिरी चिनी राजहंसाची चोच आणि गाठ काळी असते, पांढऱ्याची नारिंगी. चोच काळी दिसली म्हणून घाबरून औषध शोधणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

खाकी कॅम्पबेलच्या बाबतीत असाच गैरसमज होतो. अंड्यांसाठी पाळली जाणारी ही जात विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्लंडमध्ये अडेल कॅम्पबेल या बाईंनी तयार केली. नराची चोच हिरवट, डोकं कांस्यवर्णी आणि पाय गडद नारिंगी असतात. मादीची चोच हिरवट-काळपट आणि पाय तपकिरी असतात. हा त्यांचा जन्मजात रंग आहे. पेकिनशी तुलना करून या मादीच्या पायांचा रंग उडाला असं म्हणणं चुकीचं.

नर-मादीसाठी शेपटीकडे पाहा. मस्कोव्ही सोडून बाकी पाळीव बदकांच्या प्रौढ नराच्या शेपटीवर दोन-चार पिसं वर वळलेली असतात. ती दिसली तर नर नक्की. दिसली नाहीत तर मात्र लगेच मादी म्हणू नका, कारण पिल्लाला ती अजून आलेली नसतात आणि पिसं गळण्याच्या दिवसांत प्रौढ नराचीही जातात. प्रत्यक्षात आवाज सर्वांत सोपी खूण आहे. मादी खणखणीत ओरडते आणि नराचा आवाज घोगरा, दबका असतो. पण फोटोत आवाज नसतो, तेव्हा एक छोटा व्हिडिओ पाठवलेला बरा.

आता त्या फिक्या चोचीचा फोटो. पक्षी पांढरा, चेहऱ्यावर लाल पुटकुळ्या नाहीत, कपाळावर गाठ नाही, चोच पसरट, अंग भरलेलं. म्हणजे पेकिन किंवा पेकिनचा संकर. शेपटीवर वळलेली पिसं नाहीत, पक्षी पूर्ण वाढलेला आहे आणि पिसं गळत असल्याची खूणही नाही, म्हणजे बहुतेक मादी. चोच मळकट पिवळी आणि तिच्यावर काळसर ठिपके. फोटो हिरव्या शेडनेटखाली काढलेला आहे आणि मागच्या भिंतीवरही तीच हिरवी झाक आहे.

ही झाक दिसल्यावर पुढचं काही बोलण्याआधी दुसरा फोटो मागवावा लागतो. मोबाइलचा कॅमेरा प्रकाशानुसार रंग आपणहून बदलतो. संध्याकाळच्या उन्हात फिकी चोच नारिंगी दिसते, हिरव्या किंवा निळ्या ताडपत्रीखाली चांगली पिवळी चोच आजारी दिसते. म्हणून सकाळी उघड्यावर, पण सावलीत, फ्लॅश न लावता फोटो काढायचा आणि पक्ष्याशेजारी एक कोरा पांढरा कागद धरायचा. फोटोत कागद पांढरा दिसला तर चोचीचा रंगही विश्वासाचा. शिवाय कळपातलं आणखी एक बदक त्याच चौकटीत यावं. चोचीवरचा चिखल आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर ठिपके कुठले आणि माती कुठली हे कळत नाही.

दुसऱ्या फोटोत कागद पांढरा आला. चोच खरंच फिकी होती, पण शेजारच्या दुसऱ्या मादीचीही तशीच होती, आणि नराची मात्र चांगली पिवळीजर्द. उत्तर इथेच मिळतं. चोचीचा आणि पायांचा पिवळा रंग खाण्यातून येतो. मका आणि हिरव्या पाल्यातली पिवळी रंगद्रव्यं कातडीत साठतात. मादी अंड्यावर आली की हीच द्रव्यं अंड्याच्या बलकात जाऊ लागतात आणि चोच, पाय हळूहळू फिके पडतात. मालकाला विचारलं तेव्हा दोन्ही माद्या बऱ्याच दिवसांपासून अंडी देत असल्याचं आणि खाणं मुख्यतः भाताच्या कण्यांचं असल्याचं कळलं. कण्यांत हा पिवळेपणा नसतो. काळे ठिपके वयाने मोठ्या माद्यांच्या चोचीवर येतातच, त्याला उपचार नको. खाण्यात पिवळा मका आणि लसूणघास किंवा पालक वाढवला, तरी अंडी चालू असेपर्यंत रंग पूर्ण परतत नाही, याचीही कल्पना मालकाला द्यावी लागते.

हाच फिकेपणा एकट्या पक्ष्यात असता तर गोष्ट वेगळी. सगळी नारिंगी आणि एकच पांढुरकं, तेही नर किंवा अंडी न देणारी मादी, तर पोटातले जंत, रक्त कमी होणं किंवा यकृताचा आजार यांचा विचार करावा लागतो. त्याला जोड म्हणून उभं राहण्याची ढब पाहायची. अंग फुगवलेलं, मान आखडून घेतलेली, डोळे अर्धवट मिटलेले, कळपापासून बाजूला, शेपटीखालची पिसं विष्ठेने चिकटलेली, असं दिसलं तर दवाखाना गाठायचा. चोच निळसर-जांभळी दिसली आणि पक्षी तोंड उघडून श्वास घेत असेल तर प्राणवायू कमी पडतो आहे. त्यात वेळ घालवता येत नाही.

पिसांच्या फोटोत मी सर्वांत आधी पाण्याचे थेंब शोधतो. निरोगी बदक पाण्यातून वर आलं की पाठीवर थेंब मण्यांसारखे उभे राहतात आणि झटकले की गळून पडतात. पिसांचे बारीक तंतू एकमेकांत अडकून घट्ट जाळी होते आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल ती जाळी मऊ ठेवतं, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. ज्या बदकाची पिसं पाण्याने चिंब भिजून अंगाला चिकटतात, कडा विस्कटलेल्या आणि मळकट दिसतात, त्याची ही जाळी बिघडलेली असते. घाण पाणी, सतत ओली बिछायत, पिसांतले किडे, निकृष्ट खाणं, अशी कारणं असतात. पण नेहमीचं कारण साधं असतं. पाण्याचं भांडं इतकं उथळ असतं की बदकाला त्यात डोकं बुडवता येत नाही. डोकं बुडवलं तरच नाकपुड्या आणि डोळे साफ होतात आणि अंगावर पाणी घेऊन पिसं नीट करता येतात. भांडं बदलल्यावर डोळ्यांचा चिकटपणा लवकर जातो. खराब झालेली पिसं मात्र गळून नवी येईपर्यंत तशीच राहतात. अशा पक्ष्याला तोवर थंडीत तळ्यावर सोडू नये, कारण तो गारठतो आणि बुडूही शकतो.

पिसं गळणं हा आजार नव्हे. बदकं आणि राजहंस पंखांची उडण्याची पिसं एकदमच टाकतात आणि काही आठवडे अगदी ओकीबोकी दिसतात. मुळाशी निळसर, रक्ताने भरलेले नवे कोंब दिसले तर सगळं ठीक आहे. फक्त मादीच्या डोक्याची मागची बाजू आणि मान उघडी पडली असेल तर कळपात नर जास्त झालेत. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे.

तळपायाचा फोटो बहुतेक जण पाठवत नाहीत, आणि जड पेकिनच्या बाबतीत तोच सर्वांत आवश्यक असतो. सिमेंटच्या किंवा खडीच्या जमिनीवर तळव्याला बारीक जखम होते, त्यातून जंतू शिरतात, आणि मधोमध काळी खपली धरलेली गोल सूज येते. वरून पाय सुंदर नारिंगी दिसतो, बदक नुसतं थोडं लंगडतं. खपली लहान असतानाच मऊ, कोरडी बिछायत दिली आणि पाय स्वच्छ ठेवला तर बरं होतं. सूज खोल गेली की ती कापून साफ करावी लागते, आणि ते काम पशुवैद्यकाचंच.

फोटोची एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात असूनही ते चकचकीत पिसांचं, नारिंगी चोचीचं आणि हिंडतं-फिरतं दिसू शकतं. तेव्हा कळपात किंवा शेजारच्या कोंबड्यांत अचानक एकापाठोपाठ एक पक्षी मरू लागले तर फोटो काढत बसू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, त्याला कापून पाहू नका, उरलेले पक्षी कुठे विकू नका, आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.