आपल्या भागातील पाळीव कुत्री आणि लसीच्या कार्डावरची तारीख

चिकोडीतील आपल्या भागात पाळलेल्या कुत्र्यांपैकी किती कुत्र्यांना रेबीजची लस दिलेली आहे, असे कोणी विचारले तर आपण सगळेच पटकन म्हणतो, ‘बहुतेक सगळ्यांना.’ हे ‘बहुतेक’ म्हणजे नेमके किती, हे काढायचे असेल तर घरोघरी जाऊनच विचारावे लागेल. मंडळाच्या सभासदांनी दोन रविवार दिले तर दीड-दोनशे घरांची पाहणी सहज होऊ शकते. ती कशी आखावी आणि आलेले आकडे कसे मांडावेत, याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

आकडा कशाशी ताडून पाहायचा, ते आधी सांगतो. एखाद्या भागातील कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस असेल तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. तेवढ्या प्रमाणात रोगी कुत्रा दुसऱ्याला चावला, तरी तो दुसरा बहुधा लस घेतलेलाच असतो. वर्षभरात नवी पिल्ले जन्मतात, लस दिलेली म्हातारी कुत्री मरतात, आणि हे प्रमाण आपोआप खाली येत जाते. म्हणून सुरुवातच ७० पासून करावी लागते.

हे प्रत्यक्षात घडलेले उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. घाट उतरून गोव्यात गेले की झाले. तेथे २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून मोहीम चालवली. पथके मोबाईलवरचा नकाशा पाहून वाडा-वाडा फिरत, आणि पुढे पुढे वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देऊ लागली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीजचे महिन्याचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. यात आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर ते रंगाची खूण करत. मग पुन्हा रस्त्यावर फिरून खूण असलेली किती आणि नसलेली किती, हे मोजत. किती डोस संपले यावर ते समाधान मानत नसत, डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मोजत.

आपल्या पाहणीत रंगाची खूण नाही. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत ते काम जनावरांच्या दवाखान्यातून मिळालेले कार्ड करते. त्या कार्डावर तारीख असते, आणि बहुतेक वेळा लसीच्या बाटलीवरून काढून चिकटवलेले लेबलही असते. ते पाहणे हाच या पाहणीचा गाभा आहे.

आता विचारायचे काय? ‘लस दिली आहे ना?’ असा प्रश्न मुळीच विचारू नये. त्या ‘ना’ मध्येच उत्तर आहे, आणि शेजारच्या माणसासमोर ‘नाही’ म्हणायला कोणालाही अवघड जाते. त्याऐवजी ‘शेवटची लस कधी दिली?’ असे विचारावे. आठवत नसेल तर ‘दसऱ्याच्या आधी की नंतर?’, ‘ऊस तुटायच्या वेळी की पावसाळ्यात?’ असे धरून विचारले की महिना बरोबर सापडतो. त्यानंतर, ‘कार्ड असेल तर बघू का?’

कार्ड हातात आले की दोनच गोष्टी पाहायच्या. पहिली, लस रेबीजचीच आहे का? येथे मोठा घोटाळा होतो. पिल्लाला ‘सेव्हन इन वन’ नावाची एक लस देतात. ती डिस्टेंपर, पार्व्हो अशा रोगांवरची असते आणि सहसा तिच्यात रेबीजचा भाग नसतो. घरच्यांच्या लेखी मात्र ‘सगळी इंजेक्शने झाली’. जंताचे औषध दिले तरी पुष्कळजण त्याला लसच म्हणतात. म्हणून कार्डावर रेबीज हा शब्द, किंवा रक्षारॅब, नोबिव्हॅक रेबीज असे लेबल स्वतः पाहावे. दुसरी गोष्ट तारीख. आपल्याकडे रेबीजची लस दरवर्षी द्यायची पद्धत आहे. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचे लेबल असलेला कुत्रा ‘लस दिलेला’ आहे खरा, पण आजच्या हिशेबात तो ‘मुदत संपलेला’ म्हणून वेगळा लिहायचा.

पिल्लांचेही वेगळेच. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. त्याहून लहान पिल्लू ‘लस नाही’ या रकान्यात टाकले तर मालकावर अन्याय होतो, आणि यादीतून गाळले तर तीन महिन्यांनी त्याची आठवण कोणाला राहत नाही. त्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

मोजणीला निघण्याआधी आणखी एक गोष्ट बसून ठरवावी लागेल. पाळीव कुत्रा कोणाला म्हणायचे? एक कुत्रे असे असते की सकाळी एका घरी भाकरी खाते, दुपारी दुसऱ्याच्या दारात झोपते, आणि दोन्ही घरची मुले त्याला आपले म्हणतात. ते दोनदा मोजले जाईल किंवा एकदाही नाही. आमच्या मते सोपा नियम असा: आजारी पडल्यावर ज्या घरचे त्याला दवाखान्यात नेतील, त्या घरचे ते कुत्रे. कोणीच नेणार नसेल तर ते या पाहणीत नाही. प्रत्येक नोंदीत कुत्र्याचे नाव आणि रंग लिहिला म्हणजे दुबार नोंद लगेच सापडते. मळ्यातल्या घरांवर राखणीची कुत्री असतात. ती घ्यायची असतील तर सगळ्या मळ्यांवर जावे, नाहीतर सरसकट सोडावीत आणि सोडल्याचे निकालात लिहावे.

व्हॉट्सॲपवर फॉर्म टाकून हे काम उरकण्याचा मोह होईल. तो टाळावा. ज्यांच्याकडे कार्ड तयार आहे ते पाच मिनिटांत भरतील आणि ज्यांनी लस दिलेली नाही ते गप्प राहतील. मग आकडा छान येईल, पण तो फॉर्म भरणाऱ्यांचा असेल, भागाचा नव्हे. ओळखीच्या घरांपुरते फिरले तरी तेच होते. दीडशे-दोनशे घरे असतील तर एकही घर न गाळता सगळीकडे जावे. याहून मोठा भाग असेल तर प्रत्येक ओळीतले तिसरे घर, असा नियम धरावा आणि तिसरे घर अनोळखी निघाले तरी तो मोडू नये. कुलूप असलेल्या घरी वेगळ्या वेळी आणखी दोनदा जावे. रविवारी सकाळी नसलेली माणसे संध्याकाळी सातनंतर भेटतात. प्रत्येक जोडीत एकाला तरी कन्नड नीट बोलता यावे, आणि कागद दोन्ही भाषांत असावा. रेबीजचा हिशेब फक्त मराठी घरांचा करून उपयोग नाही.

फाटक मालकाने उघडल्याशिवाय आत जाऊ नये, कुत्र्याला हात लावू नये, आणि मुलांना एकटे पाठवू नये. तरीही चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि कार्ड असलेले कुत्रे असले तरी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय जवळजवळ नाही.

आता आकड्यांकडे वळू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा भागात १६० घरे आहेत. तीन फेऱ्यांनंतर १४८ घरी माणसे भेटली, १२ बंदच राहिली. ४० घरांत मिळून ४६ कुत्री निघाली. त्यांपैकी ४ पिल्ले तीन महिन्यांच्या आतली. ती बाजूला ठेवली की ४२ उरली. त्यातील १९ जणांचे कार्ड पाहिले आणि तारीख वर्षाच्या आतली होती. ९ जणांच्या मालकांनी याच वर्षी रेबीजची लस दिल्याचे सांगितले, पण कार्ड सापडले नाही. ६ जणांची मुदत संपलेली. ८ जणांना कधीच दिलेली नाही.

‘लस दिली आहे ना?’ एवढेच विचारले असते तर १९, ९ आणि ६ असे ३४ जण ‘हो’ मध्ये गेले असते. ४२ पैकी ३४ म्हणजे ८१ टक्के. म्हणजे ७० ची रेघ आरामात ओलांडली, असे वाटले असते. प्रत्यक्षात पुरावा आहे तो १९ जणांचा, म्हणजे ४५ टक्के. तोंडी सांगणाऱ्यांवर पूर्ण विश्वास ठेवला तर २८, म्हणजे ६७ टक्के. म्हणून खरे उत्तर ‘४५ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान’ असे द्यावे लागते, आणि त्याचे वरचे टोकही ७० च्या खाली राहते. एकच आकडा दिला की लोकांना बरे वाटते हे खरे, पण येथे दोन्ही टोके सांगणेच योग्य. बंद राहिलेल्या १२ घरांत त्याच प्रमाणात तीन-चार कुत्री असतील, त्यांची लस माहीत नाही, हेही खाली एका ओळीत लिहावे.

फलकावर मांडताना टक्क्यांपेक्षा चौकोन काढणे आम्हाला बरे वाटते. ४२ चौकोन काढावेत. १९ गडद हिरवे, ९ फिकट हिरवे, ६ पिवळे, ८ कोरे, आणि ४ लहान चौकोन बाजूला पिल्लांसाठी. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ते एका नजरेत कळते, आणि एक चौकोन म्हणजे एक जिवंत कुत्रा हेही ध्यानात राहते. एवढ्या लहान संख्येत गल्लीवार टक्केवारी काढू नये. एका गल्लीत पाचच कुत्री असतील तर एकाच्या लसीने वीस टक्क्यांचा फरक पडतो, आणि विनाकारण ‘तुमची गल्ली मागे’ सुरू होते. कोणत्या घरचे कुत्रे कोऱ्या चौकोनातले, हे फलकावर किंवा ग्रुपवर कधीही येऊ नये. नावांचा कागद मंडळाच्या एका जबाबदार माणसाकडे राहावा.

फलकाच्या वरच्या बाजूला ‘फक्त पाळीव कुत्री’ असे ठळक लिहावे. ७० टक्क्यांचा हिशेब भागातील सगळ्या कुत्र्यांचा असतो, मोकाट धरून. पाळीव कुत्र्यांचे प्रमाण उद्या नव्वदवर गेले तरी ‘आपला भाग सुरक्षित’ असे त्यावरून म्हणता येत नाही. पाहणीचा महिनाही लिहावा, कारण लसीकरण शिबिरानंतर लगेच मोजले तर आकडा चढलेला दिसतो आणि सहा महिन्यांनी मोजले तर उतरलेला. पुढच्या वर्षी तुलना करायची असेल तर त्याच महिन्यात पुन्हा फिरावे.

निकालाचा एक कागद जनावरांच्या दवाखान्यात द्यायचा आहे, आणि त्यांना टक्के नकोत, डोस हवेत. वरच्या उदाहरणात मुदत संपलेले ६ आणि कधीच न दिलेले ८, असे १४ डोस नक्की लागतील. कार्ड न सापडलेल्या ९ जणांना पुन्हा द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. द्यायचे ठरले तर २३. लसीच्या दहा डोसांच्या बाटल्या येतात, आणि उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. त्यामुळे २३ कुत्री एकाच सकाळी आणली तर तीन बाटल्यांत काम भागते. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. शिबिर त्याच सुमारास मागायचे असेल तर पाहणी ऑगस्टमध्ये संपवावी, आणि चार पिल्लांच्या घरी ती तीन महिन्यांची होतील ती तारीख लिहिलेली चिठ्ठी आधीच देऊन ठेवावी.