पोर्ट ५० उघडून काय होणार?

एखाद्या सीएचं छोटं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. जुलैची गर्दी आहे, काही जण घरून काम करणार आहेत, म्हणून आयकेईव्ही२ प्रकारचं व्हीपीएन बसवलं. नेटवर्क सांभाळणाऱ्याने फायरवॉलमध्ये यूडीपी ५०० आणि टीसीपी ५० असे दोन पोर्ट उघडून दिले. तरी घरचा लॅपटॉप ‘कनेक्टिंग’वर ताटकळतो आणि थोड्या वेळाने हात टेकतो.

टीसीपी ५० चा नियम निव्वळ फुकट गेला. माहितीपुस्तिकेतला ५० हा पोर्ट नसून प्रोटोकॉलचा क्रमांक असतो. प्रत्येक आयपी पॅकेटवर आत काय आहे ते सांगणारा असा आकडा असतो: टीसीपीचा ६, यूडीपीचा १७ आणि व्हीपीएनचा कुलूपबंद माल वाहणाऱ्या ईएसपीचा ५०. ईएसपीला पोर्टच नसतात.

घरी नेमकी इथेच अडचण होते. राउटर घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर सोडतो आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं हे पोर्टवरून ओळखतो. त्यामुळे दोन्ही टोकं ५०० वर ओळखपाळख करतानाच मध्ये असा राउटर आहे का, हे तपासतात. असेल तर पुढचं बोलणं यूडीपी ४५०० वर जातं आणि ईएसपीही त्याच यूडीपीच्या वेष्टनात बसतं. म्हणजे या ऑफिसला ५०० आणि ४५०० हवेत. प्रोटोकॉल ५० लागतो तो मध्ये पत्ता बदलणारं कुणी नसेल तेव्हा, उदाहरणार्थ स्वतःचे सार्वजनिक पत्ते असलेल्या दोन शाखांमध्ये.

सर्व्हरवर हे डोळ्यांनी बघता येतं:

```
tcpdump -ni eth0 'udp port 500 or udp port 4500 or ip proto 50'
```

५०० वर पॅकेट आलं, उत्तर गेलं आणि मग शांतता, तर ४५०० वाटेत अडलाय. काहीच आलं नाही, तर ५०० पासूनच तपासायला घ्यावं.

एलटूटीपी सहसा आयपीसेकच्या आत चालतं, म्हणून त्यालाही हीच दारं लागतात. त्याचा १७०१ बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नये. जुन्या पीपीटीपीत टीसीपी १७२३ सोबत जीआरई, म्हणजे प्रोटोकॉल ४७, सोडावा लागतो. तो विसरला की जोडणी युजरनेम तपासताना लटकते. तसंही त्याची सुरक्षा केव्हाच मोडीत निघाली आहे.

बाकीच्यांचं एका पोर्टवर भागतं. ओपनव्हीपीएनचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ११९४. एसएसटीपी टीसीपी ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्याच दाराने जातं, त्यामुळे हॉटेलच्या वायफायवरही ते बहुधा चालतं. वायरगार्ड साधारणपणे यूडीपी ५१८२० वापरतं, पण अनोळखी पॅकेटला उत्तरच देत नाही. त्यामुळे बाहेरून पोर्ट चाचपून काही कळत नाही; `wg show` मध्ये `latest handshake` ची ओळ दिसते का, ते बघावं लागतं.