‘बासष्ट’ कशाचे? : आकडेवारी उद्धृत करण्याविषयी

वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखातील विधानांकडे सामान्य वाचक विश्वासाने पाहतो. परंतु त्या लेखातील आकड्यांकडे जाणकार वाचक संशयानेच पाहतो, आणि ते योग्यही आहे. विधानाविषयी मतभेद होऊ शकतो. आकडा मात्र मूळ कागदाशी ताडून पाहता येतो. तो चुकीचा निघाला की, ज्या मुद्द्यासाठी तो दिला होता तो मुद्दा खरा असला तरी लेखकासह बाजूला पडतो. आपल्या धार-गंधवानी भागात बालमृत्यूंविषयी लिहिणाऱ्या व बोलणाऱ्या डॉक्टरांवर हा प्रसंग ओढवू नये, म्हणून एका सुप्रसिद्ध आकड्याचे उदाहरण घेऊन हा विषय उलगडण्याचा प्रयत्न करीत आहे.

हा आकडा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या घरोघरच्या नवजात बालसेवेच्या प्रयोगाचा अहवाल ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यसेविकांनी नवजात बालकांची घरी जाऊन देखभाल केली आणि जंतुसंसर्ग झालेल्या बालकांवर प्रतिजैविकांनी उपचार केले. त्यात जेन्टामायसिनचे इंजेक्शनही होते. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. या प्रयोगाचे फलित सांगताना ‘बासष्ट’ हा आकडा हमखास येतो. भाषणांत, पुस्तिकांत, प्रशिक्षणाच्या टिपणांत मी तो अनेकदा वाचला व ऐकला आहे. अडचण अशी की, त्या एकाच निबंधात बासष्ट हा आकडा दोन वेगळ्या अर्थांनी येतो.

पहिले बासष्ट हा दर आहे. प्रयोगापूर्वी, म्हणजे १९९३ ते १९९५ या काळात, प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता. दुसरे बासष्ट ही टक्केवारी आहे. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, नवजात मृत्युदरात ६२.२ टक्के निव्वळ घट झाली. या दोन बासष्टांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. ते सारखे आले हा केवळ योगायोग होय. ज्याने मूळ निबंध न वाचता दुसऱ्याच्या भाषणातून आकडा उचलला, त्याच्या हातून या दोहोंची सरमिसळ होणे जवळजवळ अटळ आहे.

आता ‘निव्वळ’ या शब्दाचा अर्थ पाहू. कारण उद्धृत करताना हाच शब्द सर्वांत आधी गळून पडतो. प्रयोगाच्या गावांत मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला. घट झाली ३६.५, तिला ६२ ने भागले की ५८.९ टक्के येतात. म्हणजे ‘६२ वरून २५.५ वर, अर्थात ६२ टक्क्यांनी घट’ असे वाक्य कोणी लिहिले, तर कागद-पेन्सिल हाती असलेला वाचक तेथेच थांबेल. गणित जुळत नाही. मग ६२.२ कोठून आले? तुलनेच्या गावांत त्याच काळात दर ५७.७ वरून ५९.६ वर गेला, म्हणजे ३.३ टक्क्यांनी वाढला. काहीच केले नसते तर प्रयोगाच्या गावांतही बहुधा असाच कल राहिला असता, असे गृहीत धरून ५८.९ मध्ये हे ३.३ मिळविले आहेत. बेरीज ६२.२. तेव्हा ‘तुलनेच्या गावांच्या मानाने निव्वळ घट ६२.२ टक्के’ हे विधान बरोबर, ‘६२ वरून २५.५’ हेही बरोबर. परंतु मधली पायरी न सांगता दोन्ही एका वाक्यात जोडली तर वाक्य चुकते.

या एका आकड्यातून चुकीची वाक्ये कशी जन्मतात, ते क्रमाने पाहू.

‘गडचिरोलीत बासष्ट टक्के नवजात बालके दगावत असत.’ येथे हजारी दर शेकडेवारी झाला. हजारी ६२ म्हणजे शेकडा ६.२, चूक दहापट झाली. ही चूक शोधण्यास निबंधाचीही गरज नाही. ज्या समाजात दहापैकी सहा बालके पहिल्या महिन्यातच जातात तो समाज टिकलाच नसता, एवढा विचार पुरेसा आहे.

‘अर्भकमृत्युदर बासष्ट टक्क्यांनी घटला.’ येथे वय बदलले. नवजात मृत्यू म्हणजे पहिल्या २८ दिवसांतील, अर्भकमृत्यू म्हणजे पहिल्या वर्षातील. त्याच निबंधात तिसऱ्या वर्षीचा अर्भकमृत्युदर ३८.८ व निव्वळ घट ४५.७ टक्के दिली आहे. उपचार पहिल्या महिन्यापुरता असल्यामुळे संपूर्ण वर्षाच्या दरातील घट कमी असणार, हे बालरोगतज्ज्ञाला आकडा न पाहताही सुचावयास हवे.

‘जंतुसंसर्गाने होणारे नवजात मृत्यू त्र्याऐंशी टक्क्यांनी घटले.’ निबंधात जंतुसंसर्ग झालेल्या बालकांपैकी मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण दिले आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी ते १६.६ टक्के (१६३ रुग्ण) होते, नंतर २.८ टक्के (७१ रुग्ण) झाले. यातून ८३ टक्के निघतात खरे; पण ती घट आजारी बालकांमागच्या मृत्यूंच्या प्रमाणातील आहे, गावातील एकूण मृत्यूंतील नव्हे. शिवाय कंसातील रुग्णसंख्या सोडून देऊ नये. ७१ चे २.८ टक्के म्हणजे दोन बालके. आणखी एक बालक दगावले असते तर प्रमाण ४.२ टक्के झाले असते. निष्कर्ष बदलला नसता. परंतु आकडा किती हलू शकतो हे वाचकाला कळावे म्हणून रुग्णसंख्या द्यावीच लागते.

‘आशा कार्यकर्तीने घरी भेटी दिल्या की बासष्ट टक्के मृत्यू टळतात.’ चारही वाक्यांत हे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण यात आकडा बरोबर असूनही त्याचा मालक बदलला आहे. केंद्र शासनाने २०११ मध्ये आशांमार्फत घरोघरी नवजात देखभालीचा कार्यक्रम आणला, त्यास गडचिरोलीच्या प्रयोगाची प्रेरणा होती हे खरे. त्यात रुग्णालयात जन्मलेल्या बाळास सहा व घरी जन्मलेल्या बाळास सात भेटी ठरविल्या आहेत. परंतु आशेचे मुख्य काम धोक्याची लक्षणे ओळखून बालकास पुढे पाठविणे हे आहे. गडचिरोलीतील सेविका घरीच इंजेक्शन देत असे. सेवा बदलली, प्रशिक्षण व देखरेख बदलली, तर फलितही तेच राहील असे म्हणता येत नाही. बांगलादेशात सिल्हेट येथे घरोघरच्या सेवेचा जो प्रयोग झाला, त्यात नवजात मृत्युदरात ३४ टक्के घट आढळल्याचे ‘लॅन्सेट’मध्येच २००८ साली प्रसिद्ध झाले. ६२.२ हा आकडा त्या ३९ गावांचा, त्या सेवेचा व त्या वर्षाचा आहे. तो आपल्या तालुक्याला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. गंधवानीविषयी लिहिताना ‘आपल्याकडील अर्भकमृत्युदर’ असा आकडा देण्याचा मोह होतो. परंतु दरवर्षी प्रसिद्ध होणारा अर्भकमृत्युदर नमुना नोंदणी पद्धतीतून येतो, आणि ती राज्याचा दर देते, जिल्ह्याचा नव्हे. तिच्यानुसार २०२० साली मध्य प्रदेशाचा दर ४३ व देशाचा २८ होता. हा ४३ धार जिल्ह्याचा म्हणून लिहिता येत नाही, मग गंधवानीचा तर नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीची जिल्हा पत्रके मिळतात, पण त्यांत अर्भकमृत्युदर नाही. मध्य प्रदेशासह नऊ राज्यांत जिल्हावार दर देणारी वार्षिक आरोग्य पाहणी २०१०-११ ते २०१२-१३ या काळात झाली. तिचा आकडा द्यावयाचा तर वर्ष सांगून, जुना म्हणूनच द्यावा.

त्याच राष्ट्रीय पाहणीत (२०१९-२१) देशाचा अर्भकमृत्युदर ३५.२ आहे. २८ आणि ३५.२ यांपैकी एक खोटा आहे काय? नाही. पहिला एका वर्षाच्या सततच्या नोंदींवरून काढलेला आहे. दुसरा मातांना विचारून, पाहणीपूर्वीच्या पाच वर्षांसाठी काढलेला आहे. म्हणून एका लेखात एकाच स्रोताचे आकडे वापरावेत. पूर्वीचा आकडा एका पद्धतीतून आणि आताचा दुसरीतून घेतला, तर न झालेली घट किंवा न झालेली वाढ कागदावर दिसू लागते.

राज्याचा आकडा लागू नाही म्हणून काही जण आपल्या रुग्णालयाचा आकडा तालुक्याला लावतात. समजा, एखाद्या नवजात कक्षात वर्षभरात २०० बालके दाखल झाली व १६ दगावली. शेकडा ८, म्हणून ‘तालुक्याचा नवजात मृत्युदर हजारी ८०’ असे लिहिले, तर अंश व छेद दोन्ही चुकले. छेदात केवळ आजारी, बहुधा अन्यत्रून पाठविलेली बालके आहेत. तालुक्यातील सारे जिवंत जन्म नाहीत. अंशात घरीच गेलेली बालके नाहीत. ‘दाखल झालेल्या २०० पैकी १६ बालके दगावली’ एवढेच वाक्य लिहावे. ते साधे दिसते. पण आपण त्याचे प्रत्यक्ष साक्षी आहोत आणि कोणीही नोंदवही मागितली तरी ते टिकते.

मी स्वतः उद्धृत करावयाच्या प्रत्येक आकड्यासाठी एक लहान कार्ड करतो. त्यावर पाच गोष्टी लिहितो : काय मोजले, कितींमागे मोजले, कोठे, कोणत्या काळात, आणि मी तो आकडा मूळ लेखाच्या कोणत्या तक्त्यात किंवा पानावर स्वतः पाहिला. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ज्याच्याकडून आकडा घेतला त्याचेच नाव देतो, मूळ लेखाचे देत नाही. न वाचलेल्या निबंधाचा हवाला देणे म्हणजे न तपासलेल्या रुग्णाचा दाखला देण्यासारखेच आहे. त्यानंतर वजाबाकी-भागाकार एकदा हाताने करून पाहतो.

गडचिरोलीचे उदाहरण या कार्डावरून वाक्यात उतरविले तर असे होईल : ‘गडचिरोली जिल्ह्यातील प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होता, तो १९९७-९८ मध्ये २५.५ झाला, तुलनेच्या ४७ गावांतील बदल लक्षात घेता निव्वळ घट ६२.२ टक्के (बंग व सहकारी, लॅन्सेट, १९९९).’ वाक्य लांबले, भाषणात टाळ्या मिळविणारे राहिले नाही. परंतु उद्या जिल्ह्याच्या बैठकीत एखाद्या अधिकाऱ्याने मूळ निबंध समोर ठेवला, तर या वाक्यातील एकही शब्द मागे घ्यावा लागणार नाही, आणि चर्चा आकड्यावर न अडता बालकांवर येईल.