रोध आहे, पण धारा नाही

व्हीटस्टन ब्रिजची आकृती बारावीच्या पुस्तकात प्रत्येकाने पाहिलेली असते. चौकोनाच्या चार बाजूंवर चार रोध, मधल्या कर्णावर पाचवा. हा पाचवा रोध एकसरीतही बसत नाही आणि समांतरातही. मग किर्चॉफचे नियम, तीन समीकरणे, पानभर आकडेमोड. अनेकदा मात्र त्या रोधातून विद्युतधारा वाहतच नसते आणि हे समीकरणाला हात लावण्याआधीच कळू शकते.

कारण साधे आहे. रोधातून धारा वाहते ती त्याच्या दोन टोकांच्या विभवात फरक असेल तरच. जमिनीला उतार नसेल तर पाणी जागचे हलत नाही, तसेच. त्यामुळे 'याचा रोध किती?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे, याच्या दोन टोकांचे विभव सारखे आहे का?

सर्वांत सोपा प्रकार म्हणजे रोधाच्या दोन्ही टोकांना नुसत्या तारेने जोडलेले असणे. आदर्श तारेवर विभव बदलत नाही, म्हणून तो रोध शॉर्ट झाला आणि सगळी धारा तारेतून गेली. खऱ्या तारेलाही थोडा रोध असतोच. पण १० ओहमच्या रोधाला ०.०१ ओहमची तार समांतर असेल, तर रोधाच्या वाट्याला धारेचा सुमारे हजारावा भाग येतो. गणितात तो शून्य धरायला हरकत नाही.

फसगत होते ती तार लांबून वळसा घालून येते तेव्हा. समजा, ६ ओहमचे तीन रोध एका ओळीत आहेत आणि त्यांची टोके क्रमाने अ, ब, क, ड आहेत. अ आणि ड यांना १२ व्होल्टची बॅटरी जोडली. आता अ ते क अशी एक तार टाकली, तर पहिले दोन रोध शॉर्ट होतात, उरतो फक्त तिसरा आणि बॅटरीतून २ अँपिअर धारा निघते. इथवर ठीक. पण ब ते ड अशी दुसरी तारही टाकली तर? घाईत तिन्ही रोध खोडले जातात, आणि उत्तर साफ चुकते.

यावर उपाय म्हणजे टोकांना नव्याने नावे देणे. तारेने जोडलेल्या सगळ्या बिंदूंना एकच अक्षर द्यायचे. क हा अ झाला, ड हा ब झाला. मग पहिला रोध अ–ब, दुसरा ब–अ, तिसरा अ–ब. एकाचीही दोन टोके एका नावाची नाहीत. म्हणजे एकही रोध मेलेला नाही, तिन्ही समांतर आहेत. एकूण रोध २ ओहम, धारा ६ अँपिअर. ज्याच्या दोन्ही टोकांना एकच अक्षर येते, तोच खोडायचा.

संतुलित ब्रिजमध्ये तार दिसत नाही, म्हणून तो ओळखायला नजर थोडी तयार लागते. ही रचना सॅम्युएल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांपुढे आणली. अज्ञात रोध मोजताना मधल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा, हीच तिची युक्ती. उदाहरण घेऊ. अ ते ब २ ओहम, ब ते क ४, अ ते ड ३, ड ते क ६, आणि मध्ये ब–ड ५ ओहम. बॅटरी १२ व्होल्टची, अ आणि क यांमध्ये. मधला रोध क्षणभर काढून टाका. वरच्या वाटेवर १२ व्होल्ट २:४ असे वाटले जातात, खालच्या वाटेवर ३:६ असे. क च्या तुलनेत ब चे विभव ८ व्होल्ट आणि ड चेही ८ व्होल्ट. म्हणजे ५ ओहमचा रोध परत ठेवला तरी त्यातून काही वाहणार नाही.

पडताळाही हाताशी आहे. मधला रोध काढला तर ६ आणि ९ ओहम समांतर होतात, उत्तर ३.६ ओहम. त्याच्या जागी तार ठेवली तर १.२ अधिक २.४, तेही ३.६. दोन्ही उत्तरे जुळली की ब्रिज संतुलित.

आता खालच्या वाटेवरील ३ आणि ६ यांची फक्त अदलाबदल करा. आकडे तेच, चौकोन तसाच. रोध काढल्यावर पुन्हा ३.६ येतात, पण तार ठेवल्यावर सुमारे ३.२१. ड चे विभव ४ व्होल्टवर उतरलेले असते, मधल्या रोधातून धारा वाहते आणि इथे किर्चॉफला पर्याय म्हणून तो खोडता येत नाही. आकृतीचा आकार नव्हे, तर गुणोत्तर तपासायचे ते यासाठीच.

संतुलन बॅटरीच्या जागेशीही बांधलेले असते. मूळ रोध तसेच ठेवून तीच बॅटरी ब आणि ड यांना जोडली, तर ५ ओहमचा तोच रोध थेट १२ व्होल्टवर येतो आणि त्यातून २.४ अँपिअर धारा वाहते.