फिरत्या शाफ्टची खरी ताकद

पुलीवरचा पट्टा शाफ्टला नेहमी एकाच दिशेला ओढतो, तरी फिरत्या शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला १४४० फेरे धरले, तर साडेअकरा तासांत अशी दहा लाख आवर्तने होतात. एकदाच भार देऊन जो दांडा तुटणार नाही, तोच या उलटसुलट वाकण्याने हळूहळू चिरतो. १९व्या शतकात रेल्वेचे आस याच कारणाने तुटत. त्यांचा पद्धतशीर अभ्यास जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी केला.

एक उदाहरण घेऊ. शाफ्टचा व्यास ४० मिमी, पोलादाची तुटण्याची ताकद ६०० मेगापास्कल. पट्टा ३००० न्यूटनने ओढतो आणि पुलीपासून १२० मिमीवर, बेअरिंगजवळ, शाफ्टला स्टेप आहे. तिथे वाकवणारा मोमेंट ३६० न्यूटन-मीटर आणि ताण सुमारे ५७ मेगापास्कल येतो. ६०० पुढे ५७ म्हणजे दहापट सुरक्षा, असे वाटते. पण स्टेपच्या कोपऱ्यात ताण गोळा होतो. तिथली गोलाई लहान असेल तर तो १.७ पट धरावा लागतो, म्हणजे ९७.

दुसरी बाजू पोलादाची. आरशासारख्या गुळगुळीत, बारीक नमुन्याची सहनमर्यादा, म्हणजे कितीही आवर्तने झाली तरी न तुटण्याची पातळी, तुटण्याच्या ताकदीच्या साधारण निम्मी, इथे ३०० असते. लेथवर कातलेल्या पृष्ठभागासाठी ०.८३, मोठ्या व्यासासाठी ०.८४ आणि ९९ टक्के खात्रीसाठी ०.८१ ने गुणले की १६९ उरतात.

आता गुडमन रेषा. आडव्या अक्षावर सरासरी ताण आणि उभ्या अक्षावर बदलता ताण मांडायचा. उभ्या अक्षावरचे १६९ आणि आडव्या अक्षावरचे ६०० सरळ रेषेने जोडायचे. रेषेच्या आत असलेला शाफ्ट टिकतो. निव्वळ उलटसुलट वाकण्यात सरासरी शून्य असते, म्हणून आपला बिंदू उभ्या अक्षावरच बसतो आणि सुरक्षा गुणांक १६९ भागिले ९७, म्हणजे सुमारे १.७ येतो. दहा नव्हे!

शाफ्ट शक्तीही वाहून नेत असेल, तर पिळाचा स्थिर ताण सरासरीच्या खात्यात जातो. कोपऱ्याचा परिणाम धरून त्याचा समतुल्य ताण ५२ आला, तर ९७/१६९ + ५२/६०० = ०.६६ आणि गुणांक १.५ वर येतो. गंज लागला तर मात्र पोलादाला सहनमर्यादाच उरत नाही, मग हा हिशेब लागू पडत नाही.

असा शाफ्ट तुटला तर तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून पसरलेल्या गुळगुळीत, शंखासारख्या वळ्या दिसतात आणि उरलेला भाग खडबडीत असतो. उपाय दर वेळी जाड शाफ्ट हाच नसतो. वरच्याच स्टेपची गोलाई वाढवून १.७ चे १.३५ केले, तर निव्वळ वाकण्याचा गुणांक २.२ च्या आसपास जातो, आणि पोलाद बदलावे लागत नाही.