४६ नंबरच्या दाढेचं काय झालं?

साताऱ्याच्या एक मावशी आहेत असं समजू. वय ५८. त्या आता मुलीकडे पुण्याला राहायला आल्या आहेत आणि खाली उजवीकडची दाढ ठणकते म्हणून जवळच्या दवाखान्यात गेल्या आहेत. डॉक्टर विचारतात, "आधी काय काय केलंय?" मावशी सांगतात, "सगळं झालंय. नस काढली, सिमेंट भरलं, वरची एक दाढ काढलीसुद्धा." आणि पिशवीतून केसपेपर काढून देतात.

कागद दोनच, पण त्यावर दीड वर्षांत सात वेळा लिहिलेलं आहे. डॉक्टरी लिपी बाजूला ठेवून तो मजकूर साधारण असा:

४ मार्च २०२४ : खाली उजवीकडे दुखते. ४६ खोल कीड, ठोकल्यावर दुखते. एक्स-रे. ४६ आरसीटी व कॅपचा सल्ला. ४६ उघडली, नस काढली. ३६ व ४७ फिलिंगचा सल्ला.
११ मार्च २०२४ : ४६ बीएमपी, आत औषध. स्केलिंग.
२० मार्च २०२४ : ४६ ऑब्च्युरेशन, वर जीआयसी. कॅपचा सल्ला.
१५ जून २०२४ : ३६ डीओ कॉम्पोझिट. ३८ अडकलेली, ओपीजीचा सल्ला.
९ जानेवारी २०२५ : २६ काढण्याचा सल्ला. बीपी १७०/१००, आधी फिजिशियनकडे.
२२ जानेवारी २०२५ : भूल देऊन दाढ काढली. टाके २.
७ ऑगस्ट २०२५ : ४७ खोल कीड, आरसीटीचा सल्ला. ६ चे फिलिंग निघाले, पुन्हा भरले.

हे टिपण चुकीचं नाही. त्या त्या दिवशी काय झालं ते त्यात आहे. पण पुण्याच्या डॉक्टरांना तारखेचा हिशेब नको आहे, दाताचा हवा आहे. या दाढेवर कुठवर काम झालं, आणि काय राहिलं? सात नोंदींत विखुरलेलं उत्तर एका ओळीत आणायचं असेल तर हाच मजकूर तारखेऐवजी दाताच्या क्रमाने लावावा लागतो. काम कारकुनी दिसतं, पण त्यात तीन-चार जागा अशा आहेत की तिथे घाई केली तर नवा कागद जुन्यापेक्षा जास्त फसवा होतो.

सुरुवात आकड्यांपासून. ४६ म्हणजे सेहेचाळिसावा दात नव्हे. तोंडाचे चार भाग पाडलेले असतात आणि पहिला आकडा त्या भागाचा असतो: वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. उजवं-डावं पेशंटचं, समोरून बघणाऱ्याचं नव्हे. दुसरा आकडा पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजायचा. १ आणि २ पटाशीचे, ३ सुळा, ४ आणि ५ लहान दाढा, ६ आणि ७ मोठ्या, ८ अक्कलदाढ. म्हणून ४६ हे 'चार-सहा' असं वाचायचं: खाली उजवीकडची पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांसाठी पहिला आकडा ५ ते ८ असतो, त्यामुळे नातवाच्या कागदावर ८५ दिसलं तर दचकायचं कारण नाही.

भारतात बहुतेक दवाखाने हीच पद्धत वापरतात. अमेरिकेत मात्र १ ते ३२ अशी सरळ मोजणी चालते. तिथून उपचार घेऊन आलेल्याच्या कागदावरचा १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. आपल्याकडचा १६ म्हणजे वरची उजवी पहिली मोठी दाढ. म्हणून नव्या तक्त्यात आकड्याशेजारी 'खाली उजवी, पहिली मोठी दाढ' असं साध्या भाषेत लिहावं. आकडा चुकला तर शब्द चुगली करतात.

आता ४६ च्या सगळ्या नोंदी एकाखाली एक ठेवू. उघडली, नस काढली, मग बीएमपी, मग ऑब्च्युरेशन. ही तीन वेगळी कामं वाटतात, पण तो एकाच रूट कॅनलचा प्रवास आहे. बीएमपी म्हणजे मुळातल्या नळ्या बारीक कानशींनी घासून, धुऊन रुंद करणं. ऑब्च्युरेशन म्हणजे त्या नळ्या गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने कायमच्या बंद करणं. हा शब्द कागदावर आला की मुळातलं काम संपलं असं मानतात. त्याआधीची कोणतीही नोंद म्हणजे काम अर्धवट. म्हणून तक्त्यात 'रूट कॅनल : सुरू ४ मार्च, पूर्ण २० मार्च २०२४' असं लिहायचं. घाईत कोणी ४ मार्चलाच 'आरसीटी झाली' असं टिपलं, तर एखाद्या अर्धवट सोडलेल्या दाढेलाही तेच लेबल लागेल आणि आत फक्त तात्पुरतं औषध आहे हे कुणाला कळणार नाही.

४६ च्या ओळीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. कॅपचा सल्ला दोनदा दिला आहे. कॅपसाठी दाढ घासल्याची, माप घेतल्याची, कॅप बसवल्याची नोंद मात्र कुठेच नाही. तारखेने वाचताना हे डोळ्यांआड होतं, कारण न झालेल्या कामाला तारीख नसते. मावशींच्या दृष्टीने दुखणं थांबलं तिथे उपचार संपला. पण खोल किडीने आणि उपचाराने पोखरलेली मोठी दाढ चावण्याच्या दाबाखाली तडकू शकते. शिवाय वरचं सिमेंट झिजलं किंवा सुटलं तर लाळेतले जंतू पुन्हा आत शिरायला वाट मिळते.

दुसरी अवघड जागा म्हणजे सल्ला आणि काम यांची गल्लत. आपल्या कागदांवर 'सल्ला' हा शब्द अनेकदा अर्ध्या अक्षरात उरकलेला असतो आणि पुढचं उपचाराचं नाव ठळक असतं. त्यामुळे तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे स्थितीचा एक शब्द हवा. चार पुरतात: झाले, सुरू, सल्ला, अस्पष्ट. ३६ चं बघा. मार्चमध्ये फिलिंगचा सल्ला, जूनमध्ये कॉम्पोझिट भरलं. डीओ म्हणजे दाढेची मागची बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग. सल्ला पुरा झाला, बाकी काही नाही. ४७ चं तसं नाही. मार्च २०२४ मध्ये फिलिंगचा सल्ला होता, तो राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये कीड खोल गेली आणि सल्ला आरसीटीचा झाला. इथे बाकी कामं दोन नाहीत, एकच आहे. नवा सल्ला आला की जुना मागे पडतो. तो खोडायचा नाही, पण 'बाकी'च्या रकान्यातही ठेवायचा नाही.

त्याच रकान्यात आपल्या मनाचं काही घालायचं नाही, हेही तितकंच खरं. २६ काढली असेल तर तिथे आता खड्डा आहे, ब्रिज किंवा इम्प्लांट हवं, असं मुलीला वाटेल. कागदावर तसा सल्ला नाही. म्हणजे तो प्रश्न आहे, बाकी काम नव्हे. शिवाय 'बाकी' कामाला सल्ल्याची तारीख जोडलेली हवी. दीड वर्षापूर्वीचा सल्ला आज तसाच लागू असेल असं नाही. ४७ नेच ते दाखवून दिलं.

आता २२ जानेवारीची नोंद. 'दाढ काढली', पण कोणती? तेरा दिवस आधी २६ काढायचा सल्ला होता, बीपीमुळे काम थांबलं होतं. तेव्हा ती २६च असणार, हे कुणीही सांगेल. तरीही तक्त्यात '२६ : काढली' असं छातीठोक लिहू नये. '२२ जानेवारीला दाढ काढली, क्रमांक नाही, ९ जानेवारीच्या सल्ल्यावरून २६ असावी' असं लिहावं. तोंडात बघितलं की डॉक्टरांना क्षणात कळेल. आपला अंदाज एकदा तक्त्यात पक्क्या अक्षरात गेला की पुढचा वाचणारा त्याला मूळ नोंदच समजतो.

सगळ्यात घातक ओळ शेवटची आहे: '६ चे फिलिंग निघाले'. नुसता ६. काही डॉक्टर अजून जुन्या पद्धतीने लिहितात. त्यात आकडा एकच असतो आणि भाग कळतो तो त्याच्याभोवतीच्या काटकोनी रेघांवरून. आकड्याच्या वर आणि उजवीकडे रेघ असेल तर खालची उजवी बाजू. खाली आणि डावीकडे असेल तर वरची डावी. ही खूण व्हिएन्नाच्या अॅडॉल्फ झिगमोंडी यांनी १८६१ मध्ये सुचवलेल्या चौकटीतून आली. हाताने लिहिताना ती सोयीची. पण टाइप करताना, फिक्या झेरॉक्सवर किंवा कापलेल्या फोटोत रेघा उडतात आणि चार दाढांपैकी कुठलीही असू शकेल असा ६ उरतो.

मावशींच्या बाबतीत या ६ वर बरंच अवलंबून आहे. तो ३६ असेल तर एक साधं फिलिंग निघालं आणि पुन्हा भरलं, विषय संपला. तो ४६ असेल तर कॅप नसलेली, रूट कॅनल केलेली दाढ किती दिवस उघडी राहिली हे कुणाला माहीत नाही. मग नुसती कॅप चढवून चालेल, की आतलं काम पुन्हा तपासायचं, हे डॉक्टरांना एक्स-रे बघून ठरवावं लागेल. म्हणून ही ओळ कुठल्याही दाढेपुढे न टाकता 'अस्पष्ट' म्हणून वेगळी ठेवायची, मूळ शब्दांसकट.

शेवटी जे कुठल्याच दाताचं नाही ते. दातवार मांडणीत स्केलिंग, बीपी, औषधांची अॅलर्जी यांना घर नसतं आणि ती गळून पडतात. त्यांच्यासाठी सगळ्यात वर एक ओळ राखावी. बीपी १७०/१०० ही नोंद पुढच्या वेळी भूल देण्याआधी दिसायलाच हवी.

सगळं लावून झाल्यावर मावशींचा कागद असा होतो:

सर्वसाधारण : स्केलिंग ११ मार्च २०२४, झाले. बीपी १७०/१००, ९ जानेवारी २०२५. फिजिशियनचा अहवाल फाईलमध्ये नाही.
२६, वर डावी पहिली मोठी दाढ : काढण्याचा सल्ला ९ जानेवारी २०२५. २२ जानेवारीला काढलेली दाढ बहुधा हीच. अस्पष्ट.
३६, खाली डावी पहिली मोठी दाढ : कॉम्पोझिट १५ जून २०२४, झाले.
३८, खाली डावी अक्कलदाढ : ओपीजीचा सल्ला १५ जून २०२४. काढल्याची नोंद नाही.
४६, खाली उजवी पहिली मोठी दाढ : रूट कॅनल ४ ते २० मार्च २०२४, झाले. कॅप : सल्ला २० मार्च २०२४, बसवल्याची नोंद नाही.
४७, खाली उजवी दुसरी मोठी दाढ : आरसीटीचा सल्ला ७ ऑगस्ट २०२५. बाकी.
दात निश्चित नाही : ७ ऑगस्ट २०२५, '६ चे फिलिंग निघाले, पुन्हा भरले'. अस्पष्ट.

खाली मूळ केसपेपरच्या झेरॉक्स जोडायच्या; हा तक्ता त्यांच्या जागी नाही, त्यांच्या वर आहे.

पुण्याच्या डॉक्टरांना आता दोन कागद चाळायला नकोत. खाली उजवीकडे ठणका आहे आणि त्या बाजूला दोन संशयित आहेत: आरसीटी राहिलेली ४७, आणि कॅप न चढलेली, कदाचित मध्ये उघडी पडलेली ४६. एक्स-रे कुठला घ्यायचा आणि मावशींना पहिला प्रश्न कुठला विचारायचा, ते त्यांना ठरवता येतं. "मावशी, ऑगस्टमध्ये सिमेंट निघालं होतं, ते नेमकं कुठलं?"

मावशी बोट खाली उजवीकडे नेतात.