दोनास एक, पण रोकड कुठे?

वाणिज्य शाखेच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. कंपनीच्या ताळेबंदाचा उतारा देतात, गुणोत्तरे काढायला सांगतात आणि शेवटी विचारतात, ‘भाष्य करा’. समजा प्रश्न 10 गुणांचा आहे, त्यातले 6 आकडेमोडीला आणि 4 भाष्याला. सहा गुण बहुतेक विद्यार्थी मिळवतात. उरलेल्या चारांच्या जागी एकच ओळ दिसते: ‘चालू गुणोत्तर 2:1 असल्याने कंपनीची आर्थिक स्थिती समाधानकारक आहे.’ या ओळीला अर्धा-एक गुण मिळतो. पुढच्या उदाहरणात तर ती सरळ चुकीची ठरते.

एक कल्पित कंपनी घेऊ. ती पंखे आणि कूलर बनवते. दोन वर्षांच्या 31 मार्चचे आकडे लाख रुपयांत असे:

| | गेल्या वर्षी | यंदा |
|---|---|---|
| मालसाठा | 110 | 250 |
| ग्राहकांकडून येणी | 100 | 140 |
| रोख व बँक शिल्लक | 45 | 15 |
| आगाऊ दिलेला खर्च | 5 | 5 |
| एकूण चालू मालमत्ता | 260 | 410 |
| व्यापारी देणी | 100 | 155 |
| बँकेचे कॅश क्रेडिट | 60 | 50 |
| एकूण चालू देयता | 160 | 205 |
| दीर्घ मुदतीचे कर्ज | 100 | 190 |
| स्थिर मालमत्ता | 300 | 300 |

खाली आणखी माहिती दिली आहे. विक्री 880 लाखांवरून 900 लाखांवर गेली. यंदा विकलेल्या मालाचा परिव्यय 720 लाख आहे, आणि गेल्या वर्षी मालसाठ्याची उलाढाल 7 वेळा झाली होती.

चालू मालमत्तेला चालू देयतेने भागले की गेल्या वर्षी 1.63 आणि यंदा बरोबर 2 येते. पुस्तकातला ‘आदर्श’ आकडा हाच, म्हणून विद्यार्थी इथे थांबतात. हा आकडा एक ढोबळ अंदाज आहे, एवढे आधी लक्षात घ्यायला हवे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीने 1975च्या अहवालात कर्ज मोजण्याच्या ज्या पद्धती सुचवल्या, त्यातल्या दुसऱ्या पद्धतीत किमान 1.33 पुरते. चालू मालमत्तेचा निदान पाव हिस्सा कंपनीने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करावा, असा समितीचा विचार होता. मग शंभरामागे 75 चालू देयता राहतात आणि भागाकार 1.33 येतो. आपल्या बँकांचे अधिकारी कित्येक वर्षे हाच आकडा धरून कर्ज देत आले. म्हणजे गेल्या वर्षीचे 1.63 काही वाईट नव्हते.

आता क्विक रेशो, म्हणजे द्रवता गुणोत्तर. इथे मालसाठा आणि आगाऊ खर्च बाजूला काढायचा. आगाऊ भरलेल्या विम्याच्या हप्त्यातून कोणाचे बिल भागत नाही, आणि मालाचे पैसे व्हायला आधी तो विकला जावा लागतो. गेल्या वर्षी 145 भागिले 160, म्हणजे 0.91. यंदा 155 भागिले 205, म्हणजे 0.76. एक गुणोत्तर वर गेले आणि दुसरे खाली आले. परीक्षकाने प्रश्न मुद्दाम असा बांधलेला असतो. दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या ओळींत ‘समाधानकारक’ आणि ‘असमाधानकारक’ म्हणून सोडून दिली, तर भाष्य झालेच नाही. दोघांच्या दिशा उलट का, हे सांगण्यासाठीच ते चार गुण ठेवलेले असतात.

कारण मालसाठ्यात आहे. सरासरी साठा 110 आणि 250च्या मध्ये, म्हणजे 180 लाख. त्याने 720ला भागले की उलाढाल 4 वेळा. गेल्या वर्षी माल गोदामात सरासरी 52 दिवस राहत होता, यंदा 91 दिवस राहतो. हीसुद्धा सरासरीच आहे. वर्षअखेरीच्या 250 लाखांच्या साठ्याकडे पाहिले तर विक्रीच्या याच वेगाने तो संपायला चार महिन्यांहून जास्त लागतील. इथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल की पंख्या-कूलरचा हंगाम उन्हाळ्यात असतो, मार्चअखेर साठा जास्त असणारच. मुद्दा रास्त आहे आणि उत्तरात तो लिहावाच. पण गेल्या वर्षीची तारीखही 31 मार्चच होती आणि तेव्हा साठा 110च होता. त्यामुळे एवढी वाढ निव्वळ हंगामाच्या खात्यावर टाकता येत नाही.

यापुढची गोष्ट ताळेबंदाच्या खालच्या दोन ओळींत आहे, आणि तिथपर्यंत फार थोडे जण पोहोचतात. दीर्घ मुदतीचे कर्ज 90 लाखांनी वाढले, पण स्थिर मालमत्ता 300 लाखांवरच आहे. कारखान्याच्या क्षमतेत भर पडल्याचे दिसत नाही. कर्जाचा पैसा बहुतांशी न विकलेल्या मालात जाऊन बसला. हे कर्ज चालू देयतेत मोजले जात नाही, त्यातून आलेला माल मात्र चालू मालमत्तेत मोजला जातो. चालू गुणोत्तर 2 वर पोहोचले ते यामुळे.

मग चार गुणांचे उत्तर साधारण असे होईल: ‘चालू गुणोत्तर 1.63 वरून 2 झाले, तरी द्रवता गुणोत्तर 0.91 वरून 0.76 वर घसरले. चालू मालमत्तेतील वाढ मुख्यतः मालसाठ्याची आहे आणि साठ्याची उलाढाल 7 वरून 4 वेळांवर आली. विक्री जेमतेम 2 टक्क्यांनी वाढली, पण येणी 40 टक्क्यांनी वाढली, म्हणजे वसुलीही मंदावल्याचे दिसते. वाढीव साठ्याला दीर्घ मुदतीच्या कर्जाचा आधार दिसतो. तातडीची देणी भागवण्याची क्षमता कमी झाली आहे.’ पाच वाक्ये आहेत आणि प्रत्येकाच्या मागे उताऱ्यातला आकडा आहे.

काय लिहू नये, तेही सांगायला हवे. माल का पडून आहे हे या उताऱ्यातून कळत नाही. मागणी घटली असेल, नाही तर मोठ्या ऑर्डरची तयारी असेल. ‘व्यवस्थापन अकार्यक्षम आहे’ असे ठोकून दिले तर गुण जातात. शिवाय ताळेबंद एका दिवसाचा असतो. गेल्या वर्षी कंपनीने 30 मार्चला हातातले 45 लाख पुरवठादारांना देऊन टाकले असते, तर 215 भागिले 115 म्हणजे चालू गुणोत्तर 1.87 दिसले असते आणि तिजोरी रिकामी असती. सूत्रात काय धरले आणि काय वगळले, हेही लिहावे. काही पुस्तके द्रवता गुणोत्तर काढताना कॅश क्रेडिटसारखी बँकेची उचल देयतेतून वगळतात, आणि मग उत्तर बदलते.

हा नियम आता खुद्द कंपन्यांनाही लागू आहे. कंपनी कायदा 2013च्या तिसऱ्या परिशिष्टात मार्च 2021मध्ये दुरुस्ती झाली आणि ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये 11 गुणोत्तरे देणे बंधनकारक झाले. अंशात आणि छेदात काय धरले ते सांगायचे, आणि एखादे गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त बदलले तर त्याचे कारण द्यायचे. आपल्या उदाहरणात चालू गुणोत्तर सुमारे 23 टक्क्यांनी बदलले, त्यामुळे त्यावर खुलासा लागणार नाही. द्रवता गुणोत्तर त्या 11 मध्ये नाहीच. मालसाठ्याची उलाढाल मात्र जवळजवळ 43 टक्क्यांनी घसरली आहे, आणि तिचे कारण कंपनीला लिहावेच लागेल. परीक्षेआधी एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि ही टीप शोधून वाचा.